स्क्रूचं डोकं शार्प आणि टोकही शार्प: कॅटलॉग फोटोसाठी फोकस स्टॅकिंग, पहिल्यापासून शेवटपर्यंत

बोहरी आळीतल्या एका हार्डवेअरवाल्या शेठना कॅटलॉग करायचा होता, पितळी स्क्रू, बिजागऱ्या, कड्या वगैरे. मी आपला मॅक्रो लेन्स लावला, अ‍ॅपर्चर एफ २२ ला नेलं आणि खूश होऊन फोटो पाठवले. शेठनी मोबाईलवर झूम करून विचारलं, "डोकं दिसतंय, पण मागचे आटे कुठं गेले? आणि डोकंपण जरा धुरकट वाटतंय." दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. त्या एकाच स्क्रूवर, म्हणजे आठ नंबरचा दीड इंची सीएसके पितळी स्क्रू, हे सगळं शिकलो, म्हणून इथे तोच धरून सांगतो. मणी आणि बटणांचं शेवटी थोडं आहे.

आधी एफ २२ का चाललं नाही ते बघू, कारण हे कळलं की पुढचे सगळे आकडे आपोआप येतात.

माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतेवीस मिमी रुंद आहे (एपीएस-सी). फ्रेममध्ये साधारण ४७ मिमी रुंदी दिसेल इतक्या जवळ गेलो, म्हणजे वस्तू सेन्सरवर निम्म्या आकाराची पडते, मॅग्निफिकेशन ०.५. स्क्रू ३८ मिमी लांब आहे, कॅमेऱ्याकडे ४५ अंशात तिरका ठेवला की पुढून मागे खोली साधारण २७ मिमी होते, त्यात डोक्याची रुंदी धरली तर ३२. आता शार्प पट्टा किती मिळतो त्याचं गणित हे:

```
D = 2 × N × c × (m + 1) / m²
```

N म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा, m म्हणजे मॅग्निफिकेशन आणि c म्हणजे सेन्सरवर किती मिमीचा धूसर ठिपका आपण चालवून घेणार तो आकडा. c ०.०२ धरला तर एफ ८ ला उत्तर येतं १.९ मिमी. एफ २२ ला ५.३ मिमी. म्हणजे लेन्स पार बंद करूनही ३२ पैकी सव्वापाच मिमीच शार्प, बाकी सगळं पुसट. वर भुर्दंड वेगळाच. निम्म्या आकाराला एफ २२ हा खरं तर एफ ३३ सारखा वागतो (आकडा गुणिले एक अधिक m), आणि इतक्या बारीक भोकातून प्रकाश पसरतो, तो पसरलेला ठिपका ०.०४४ मिमीचा होतो. डोकं धुरकट का दिसलं ते हेच, फोकस बरोबर होता तरी. एफ ८ ला हाच ठिपका ०.०१६ मिमी, म्हणजे जवळजवळ तिप्पट बारीक.

म्हणून उपाय असा की एफ ८ वरच थांबायचं, फोकस पुढून मागे थोडा थोडा सरकवत पंचवीस-तीस फोटो काढायचे आणि प्रत्येकातला शार्प पट्टा घेऊन सॉफ्टवेअरने एक फोटो बनवायचा. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात.

किती फोटो लागणार, हे फोटो कुठे जाणार त्यावर ठरतं

इथे बहुतेक जण उगाच दमतात. नेटवर कुणीतरी किड्याच्या डोळ्याचे दोनशे फोटो स्टॅक केलेले असतात, ते बघून आपणही स्क्रूला दोनशे काढायला बसतो. गरज नाही हो. ऑनलाइन लिस्टिंगला फोटो दोन हजार पिक्सेल रुंद जाणार असेल तर साडेतेवीस भागिले दोन हजार, म्हणजे शेवटच्या फोटोतला एक पिक्सेल सेन्सरवर ०.०१२ मिमीचा. वर c ०.०२ धरला तो म्हणजे दीड-दोन पिक्सेलचा धूसरपणा, आणि तोही पट्ट्याच्या अगदी कडेला. पट्टे एकमेकांवर तीसेक टक्के चढवले, म्हणजे १.९ ऐवजी १.३ मिमीने फोकस सरकवला, तर सगळ्यात वाईट जागीही धूसरपणा एका पिक्सेलच्या आसपास राहतो. त्यापेक्षा बारीक स्टेप घेतली तर फोटो वाढतील, शेठला फरक दिसणार नाही.

३२ भागिले १.३ म्हणजे पंचवीस. पुढे दोन आणि मागे तीन जादा धरून तीस. अख्ख्या पानाची छपाई असेल तर c निम्मा करा, फोटो दुप्पट होतील, एवढंच.

स्क्रू ठेवायचा कसा (अर्धी लढाई इथेच आहे)

स्टॅकिंगला एक गोष्ट जमत नाही आणि ती कुठल्याच सॉफ्टवेअरला पूर्ण जमत नाही. मागचा भाग फोकसमध्ये असतो तेव्हा पुढची कड धूसर होऊन फुगते, आणि फुगलेली कड तिच्या लगेच मागचा भाग झाकते. म्हणजे डोक्याच्या कडेला चिकटून मागे जे आटे दिसायला हवेत ते कुठल्याच फोटोत स्वच्छ आलेले नसतात. सॉफ्टवेअर बिचारं आणणार कुठून? मग तिथे एक धुरकट वलय राहतं, त्याला हेलो म्हणतात.

हे टाळायचं तर कडेच्या मागे एकदम खोल उडी येऊ द्यायची नाही. टोक कॅमेऱ्याकडे ठेवलं तर स्क्रू मागे जाईल तसा रुंद होत जातो, काहीच झाकलं जात नाही, स्टॅक अगदी स्वच्छ येतो. पण गिऱ्हाइकाला डोक्यावरची खाच बघायची असते, त्यामुळे डोकं पुढेच लागतं. मग मी स्क्रू ४५ च्या ऐवजी थोडा आडवा फिरवतो, खाच तरीही दिसते आणि डोक्यामागची उडी कमी होते. आणि ग्रुप फोटोत स्क्रू एकामागे एक कधीच लावत नाही, शेजारी शेजारी, मध्ये थोडी फट ठेवून. एकाचं डोकं दुसऱ्याच्या आट्यांवर आलं की रिटचिंगमध्ये तासभर गेलाच समजा.

स्क्रू गोल, घरंगळतो. पोस्टर चिकटवायच्या गोळीचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा दांडीखाली मागच्या बाजूला लावा. मी एकदा हरभऱ्याएवढा लावला होता, वर लाइट तापत होता, तीस फोटो होईपर्यंत गोळी हळूहळू दबत गेली आणि स्क्रू केसभर खाली बसला. डोळ्याला काही कळलं नाही, पण स्टॅक केल्यावर प्रत्येक आट्याला दोन दोन कडा. तेव्हापासून लावल्यावर पाच मिनिटं सोडून देतो, चहा घेऊन येतो, मग सुरू.

साफसफाई आधी करा, नंतर फोटोशॉपमध्ये नाही. एका फोटोत धूळ बरीचशी फोकसच्या बाहेर राहून लपते, स्टॅकमध्ये पुढून मागेपर्यंत प्रत्येक कण शार्प येतो. पितळेवर बोटाचे ठसे तर फारच. सुती हातमोजे, आयसोप्रोपिलने पुसणं, मग ब्लोअर. नवीन माल असला तरी चाळीस-पन्नास स्क्रूमधून चांगला एक निवडा, खाचेत बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची कोर, नसलेला. खाली कागद नको, कागदाचे तंतूही शार्प येतात आणि गादीवर ठेवल्यासारखं दिसतं, दुधी अ‍ॅक्रिलिकची शीट घ्या.

लाइट

पितळ म्हणजे आरसाच. उघडा लाइट पडला की आट्यांवर कडक पांढरे ठिपके पडतात, आणि फोकस हलला की तेच ठिपके फुगून मोठी गोल चकती होतात, स्टॅकमध्ये त्या प्रत्येकाभोवती हेलो. म्हणून दोन्ही बाजूंनी आणि वरून ट्रेसिंग पेपर, अगदी स्क्रूजवळ, आणि लाइट पेपरपासून लांब, म्हणजे अख्खा पेपर उजळतो. पण एवढंच केलं तर स्क्रू सपाट पिवळा दिसतो, आटे उठत नाहीत. काळ्या कार्डाची बोटभर रुंद पट्टी कापून फ्रेमच्या जरा बाहेर उभी करा, आट्यांच्या एका बाजूला काळी रेघ उमटते आणि एकेक आटा सुटा दिसतो. पट्टी पुढेमागे करत व्ह्यूमध्ये बघायचं, याला फॉर्म्युला नाही.

स्वस्त एलईडी असेल तर अजून एक. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, असा लाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. इलेक्ट्रॉनिक शटर आणि फास्ट स्पीड घेतला तर फोटोत आडवे पट्टे येतात किंवा प्रत्येक फोटोचा उजेड थोडा वेगळा येतो. स्टॅकला ते अजिबात चालत नाही. आयएसओ १०० आणि शटर पाव-अर्धा सेकंद ठेवा, मग लुकलुकणं त्यात विरून जातं.

कॅमेरा सेटिंग आणि फोकसची स्टेप मोजणं

सगळं मॅन्युअल: एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आयएसओ. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. पंखा बंद आणि घरच्यांना सांगा की दहा मिनिटं धपाधप चालू नका, अर्ध्या सेकंदाच्या एक्स्पोजरला लाकडी माळ्यावर कुणी चाललं की कळतंच.

फोकस सरकवायचे दोन मार्ग: एक तर लेन्समधून, म्हणजे कॅमेऱ्यातली फोकस शिफ्ट किंवा ब्रॅकेटिंगची सोय किंवा केबल लावून कॉम्प्युटरवरून, नाहीतर रेलवर अख्खा कॅमेरा पुढे सरकवायचा. निम्म्या आकाराच्या आसपास आणि इतकी खोल वस्तू असताना लेन्समधून सरकवलेलं बरं. रेलवर कॅमेराच ३२ मिमी हलतो, त्यामुळे बघायची जागा बदलते, पहिल्या फोटोत डोक्यामागे जेवढे आटे झाकलेले होते त्यापेक्षा शेवटच्या फोटोत वेगळे झाकलेले असतात आणि कडेला गडबड होते. खऱ्या आकारापेक्षा मोठं काढायचं असेल, म्हणजे घड्याळातला स्क्रू वगैरे, तिथे रेल हवी. तुमच्याकडे फक्त रेल असेल तर एकट्या स्क्रूला तीही चालते, फक्त एका फेऱ्याला किती मिमी सरकते ते दहा फेरे फिरवून पट्टीने मोजून घ्या.

कॅमेऱ्यातली सोय वापरताना गोची अशी की स्टेपचा आकडा १ ते १० असा काहीतरी असतो, मिमीमध्ये नसतो. तो मोजावा लागतो, आणि हे काम बहुतेक लोक टाळतात, मग फोटो बिघडला की सॉफ्टवेअरला शिव्या. मी असं केलं. स्क्रू काढला आणि त्याच जागी, त्याच तिरक्या रेषेत स्टीलची छोटी पट्टी ठेवली. एफ ८ वर, स्टेप ५ ठेवून अकरा फोटो काढले, म्हणजे मध्ये दहा उड्या. पहिल्या फोटोत कुठली रेघ सगळ्यात शार्प आणि शेवटच्यात कुठली, ते झूम करून बघितलं. २४ मिमीचा फरक, म्हणजे एका उडीला २.४. आता खोलीत १.३ मिमी चालते, ती ४५ अंशाच्या तिरक्या पट्टीवर १.८ होते. २.४ जास्त झाली. स्टेप ४ केली, १७ मिमी आले, म्हणजे १.७. बसलं. खोलीत ती १.२ पडते, ३२ ला सत्तावीस फोटो, जादा धरून बत्तीस. हा आकडा माझ्या कॅमेरा-लेन्सचा आहे, तुमचा वेगळा येणार, आणि काही कॅमेऱ्यांत अ‍ॅपर्चर बदललं की स्टेपही बदलते, त्यामुळे ज्या अ‍ॅपर्चरवर काढणार त्याच्यावरच मोजा. एकदा मोजलं की डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

मग स्क्रू परत ठेवायचा, फोकस डोक्याच्या सगळ्यात पुढच्या कडेच्याही किंचित अलीकडे आणायचा, इतका की अजून काहीच शार्प नाही, आणि तिथून सुरू करायचं. शेवटीही टोकाच्या पुढे जाऊन काहीच शार्प नाही असे दोन-तीन फोटो यायला हवेत. डोक्याच्या कडेवरच सुरू केलं तर हमखास तीच कड अर्धवट राहते आणि ते घरी आल्यावर कळतं. कॉम्प्युटरवर बघताना आधी पहिला आणि शेवटचा फोटो तपासा, लाइट मोडायच्या आधी.

जोडणं

सगळ्या रॉ फाइल एकाच सेटिंगने बदला, एकावर हात फिरवायचा आणि तेच बाकी सगळ्यांना पेस्ट. ऑटो काही नको. शार्पनिंग शून्य ठेवा, ते शेवटी. सोळा बिट टिफ केली तर २४ मेगापिक्सेलची एक फाइल १४४ एमबी, बत्तीस म्हणजे साडेचार जीबीच्या वर. लिस्टिंगपुरतं काम असेल तर चांगल्या क्वालिटीची जेपेग पण चालते, मी तरी चालवतो.

हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही दोन विकतची नावाजलेली सॉफ्टवेअर. दोन्हीत मुळात दोन तऱ्हा आहेत. एक डेप्थ मॅप, हेलिकॉनमध्ये मेथड बी आणि झेरीनमध्ये डीमॅप: ही प्रत्येक जागा कुठल्या फोटोत शार्प आहे ते ठरवून तिथला पिक्सेल उचलते, त्यामुळे पितळेचा रंग आणि गुळगुळीतपणा जसाच्या तसा राहतो, पण कडेला हेलो येतो. दुसरी पिरॅमिड, हेलिकॉनची मेथड सी आणि झेरीनची पीमॅक्स: ही कडा आणि एकमेकांवरून जाणारे आटे छान सोडवते, पण कॉन्ट्रास्ट वाढवते, नॉइज वाढवते, रंगही जरा भडक होतो. मी दोन्ही काढतो. डीमॅपचा फोटो खाली धरून डोक्याच्या मागे जिथे हेलो आहे तेवढ्याच जागी पीमॅक्समधून ब्रश मारतो. एका स्क्रूला दहा-बारा मिनिटं.

खर्च करायचा नसेल तर ह्युगिनबरोबर येणारं एक टूल आणि एन्फ्यूज, दोन्ही फुकट आहेत. फोल्डरमध्ये फाइल क्रमाने नंबर असलेल्या हव्यात:

```
align_image_stack -m -a al_ IMG_*.tif
enfuse --exposure-weight=0 --saturation-weight=0 --contrast-weight=1 --hard-mask --output=screw.tif al_*.tif
```

पहिल्या ओळीतला `-m` विसरू नका. लेन्समधून फोकस हलला की वस्तू फ्रेममध्ये किंचित लहानमोठी होते, ते जुळवायचं काम तो करतो. `--hard-mask` नसेल तर सगळे फोटो एकमेकांत मिसळून मऊ दिसतात. यात रिटचिंगचा ब्रश नाही, त्यामुळे डोक्यामागचा हेलो हाताने काढायला लागतो, तेवढाच फरक.

बिघडलेलं कसं ओळखायचं

फोटो शंभर टक्के झूम करून डोक्यापासून टोकापर्यंत आट्यांवरून नजर फिरवा. शार्प, मऊ, शार्प, मऊ अशी लाट दिसली तर स्टेप मोठी झाली, परत काढणं हाच उपाय. लाट नाही पण एकाच जागी मऊ पट्टा असेल तर मधला एखादा फोटो हललाय, तो बाजूला काढून बघा, शेजारचे भागवून घेतात कधीकधी. प्रत्येक कडेला जोडकड दिसली तर वस्तूच सरकली (माझी हरभऱ्याएवढी गोळी आठवा). आणि पांढऱ्या बॅकग्राउंडवर मुंग्यांच्या रांगेसारखी करड्या ठिपक्यांची ओळ दिसली तर घाबरू नका, ती सेन्सरवरची धूळ. प्रत्येक फोटो जुळवताना थोडा ताणला जातो ना, तर तोच एक कण प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या जागी पडतो आणि रांग होते. सेन्सर साफ करून घ्या, तोपर्यंत बॅकग्राउंड कापून पांढरं करा.

बटणं आणि मणी

बटणाला बहुतेक वेळा स्टॅक लागतच नाही. शर्टाचं १८ लाइनचं बटण ११.४ मिमीचं, जाडी दोन-तीन मिमी. कॅमेरा बरोबर वरून, सेन्सर बटणाला समांतर, एफ ११, एक फोटो, संपला विषय. समांतर आहे का बघायला बटणाच्या जागी छोटा आरसा ठेवा, लेन्सचं भोक फ्रेमच्या बरोबर मध्ये दिसलं पाहिजे. तिरकं काढायचं असेल तरच स्टॅक, आणि तिथे वेगळीच अडचण येते: गुळगुळीत प्लॅस्टिकवर सॉफ्टवेअरला पकडायला काही बारकावाच नसतो, मग डेप्थ मॅप अंदाजपंचे कुठलाही फोटो उचलतो आणि पृष्ठभागावर डाग पडल्यासारखे चट्टे दिसतात. झेरीनमध्ये कॉन्ट्रास्ट थ्रेशोल्डचा स्लायडर आहे, तो वाढवत न्या, गुळगुळीत भाग त्याच्या काळ्या मास्कखाली गेला की तिथे तो अंदाज करायचं सोडून आजूबाजूवरून भरतो. लाइट जरा बाजूने टाकला तर बटणावरच्या बारीक रेघा उठतात, त्यानेही काम होतं.

काचेचे मणी मात्र खरंच त्रास देतात. मण्याच्या पृष्ठभागावरची चमक एका खोलीवर शार्प होते आणि मण्यातून दिसणारं मागचं उलटं चित्र दुसऱ्याच खोलीवर, सॉफ्टवेअर दोन्ही उचलतं आणि मणी चरा पडल्यासारखा दिसतो. मी अशा वेळी स्टॅक अर्ध्यावर थांबवतो, म्हणजे मण्याच्या पुढच्या टोकापासून त्याच्या सगळ्यात रुंद कडेपर्यंतचेच फोटो घेतो, मागचे टाकून देतो. माळ असेल तर ती सरळ मागे जाणारी न ठेवता फ्रेममध्ये आडवी वळवतो, म्हणजे एका मण्यामागे दुसरा मणी येत नाही.